जिन्यातल्या सेन्सरला काय दिसतं?

मोशन सेन्सरच्या दिव्याबद्दल सोसायट्यांमध्ये दोनच तक्रारी ऐकू येतात. एक, माणूस अर्धा जिना चढून गेला तरी दिवा लागत नाही. दुसरी, जिन्यात चिटपाखरू नसताना दिवा आपोआप लागतो. मग वायरमनला बोलावलं जातं, ‘सेन्सर खराब निघाला’ असा निकाल लागतो, नवा सेन्सर त्याच जागी बसतो आणि आठवडाभरात तीच तक्रार पुन्हा येते. अशा वेळी सेन्सरपेक्षा त्याची जागा तपासावी. तो काय पाहतो हे कळलं, तर तो कुठे बसवायचा आणि त्याची बटणं किती फिरवायची हे बरंचसं आपोआप सुटतं.

बाजारात मिळणारा पांढऱ्या घुमटाचा स्वस्त सेन्सर ‘पीआयआर’ जातीचा असतो. तो स्वतः काहीही बाहेर सोडत नाही. माणसाच्या अंगातून सतत बाहेर पडणारे अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी उष्णता, तेवढी तो टिपतो. आतमध्ये बारीकशा पत्र्याच्या डबीत शेजारी शेजारी दोन संवेदक तुकडे असतात आणि ते एकमेकांच्या उलट जोडलेले असतात. दोघांवर सारखीच उष्णता पडली तर बेरीज शून्य. एकावर आधी आणि दुसऱ्यावर नंतर पडली तरच संकेत निर्माण होतो. वरचा दुधी घुमट नुसतं झाकण नसतो, तो लहान लहान भिंगांनी बनलेला असतो. ही भिंगं समोरच्या जागेचे अनेक पट्टे पाडतात, त्यातले काही दिसणारे, काही न दिसणारे. खिडकीच्या गजांमागून कुणी आडवं चालत गेलं तर ते लगेच नजरेत भरतं, पण तोच माणूस दोन गजांच्या मधल्या फटीतून सरळ आपल्याकडे येत असेल तर बराच वेळ हलल्यासारखा वाटत नाही. सेन्सरचं नेमकं तसंच होतं. पट्टे आडवे ओलांडणारा माणूस त्याला चटकन कळतो, सरळ अंगावर चालत येणारा उशिरा कळतो.

जिन्यात ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते, कारण जिन्यात माणसाला चालायला एकच दिशा असते. मजल्यावरच्या भिंतीवर, पायऱ्यांच्या बरोबर समोर सेन्सर लावला की चढणारा माणूस सरळ त्याच्याकडेच येतो. हीच सर्वांत वाईट जागा, आणि बहुतेक वेळा तीच निवडली जाते, कारण जुना दिवा तिथेच असतो. त्यापेक्षा लँडिंगच्या छताला, पायऱ्या जिथे सुरू होतात त्याच्या जवळ, सेन्सर खाली तोंड करून बसवावा. मग येणारा माणूस त्याच्या खालून जाताना पट्ट्यांमागून पट्टे तोडत जातो. साधारण अडीच ते तीन मीटर उंचीवर असा छताचा सेन्सर सुमारे सहा मीटर व्यासाचं वर्तुळ पाहतो असं खोक्यावर लिहिलेलं असतं. जिन्यात तेवढं मोकळं वर्तुळ मिळतच नाही, भिंत आणि वरचा जिना मध्ये येतात, त्यामुळे नजर पुरते की नाही ही चिंता नसते. माणूस पहिल्या पायरीवर पाय ठेवण्याआधी नजरेत येतो का, एवढंच पाहायचं.

बसवण्याची खरी अडचण वायरिंगमध्ये येते. सेन्सरला तीन वायरी लागतात: आत येणारा फेज, न्यूट्रल आणि दिव्याकडे जाणारा लोड. त्याच्या आतलं सर्किट दिवसरात्र जागं असतं, म्हणून त्याला स्वतःसाठी फेज आणि न्यूट्रल दोन्ही हवेत. आता आपल्याकडच्या जिन्याचं बटन उघडून पाहा. जुन्या इमारतींत तिथे बहुधा न्यूट्रल नसतोच. फेज बटनातून येऊन जातो आणि न्यूट्रल वरच्या वर होल्डरला पोहोचलेला असतो. म्हणून ‘बटन काढून तिथेच सेन्सर बसवू’ ही सोपी वाटणारी योजना अडते. दोन वायरींवर चालणारे सेन्सर मिळतात, ते दिव्यातूनच थोडा करंट ओढून स्वतः जिवंत राहतात. जुन्या पिवळ्या बल्बला ते चालायचे. एलईडीला तेवढा झिरपणारा करंटही पुरतो आणि दिवा ‘बंद’ असतानाही मिणमिणतो किंवा थांबून थांबून डोळा मारतो. जिन्यासाठी तीन वायरींचाच घ्यावा आणि तो दिव्याच्या पॉइंटवर बसवावा. बटनातून आलेला फेज आणि न्यूट्रल दोन्ही तिथे हजर असतात.

जोडणी अशी. पॉइंटवर आलेला फेज सेन्सरच्या फेजच्या वायरीला. पॉइंटवरचा न्यूट्रल दोन ठिकाणी जातो, सेन्सरला आणि दिव्याला. सेन्सरची तिसरी वायर, लोडची, दिव्याच्या उरलेल्या टोकाला. दिव्याला धातूची बॉडी असेल तर अर्थिंगची हिरवी वायर थेट बॉडीला. काम एवढंच, पण रंगांत एक फसवणूक आहे. आपल्या घरांत लाल वायर म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल हे हाताला बसलेलं असतं. अनेक सेन्सरांवर मात्र तपकिरी वायर फेजची, निळी न्यूट्रलची आणि लाल वायर लोडची असते. सवयीने लालला लाल जोडली की फेज नको त्या बाजूने शिरतो, आतल्या सर्किटला वीजच मिळत नाही, आणि सेन्सर काहीच करत नाही. न फुटता, न जळता, नुसता गप्प बसतो. नवा सेन्सर ‘मेलेला’ निघाला की आधी हे पाहावं. सगळ्या कंपन्या हेच रंग पाळतील याची खात्री नाही, म्हणून रंगावर न जाता खोक्यातल्या चिठ्ठीवरची आकृती पाहूनच वायरी जोडाव्यात.

काम सुरू करण्यापूर्वी वीज बंद करायची ती बटनाने नव्हे, मीटर खोलीतल्या एमसीबीने. कधीकाळी कुणीतरी बटन न्यूट्रलवर घातलेलं असेल तर बटन बंद असूनही होल्डर जिवंत राहतो. आणि एमसीबी पाडूनही निश्चिंत होऊ नये. काही इमारतींत जिन्याचे सगळे दिवे सामाईक मीटरवर नसतात, एखाद्या मजल्याचा दिवा त्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या मीटरवरून घेतलेला असतो. म्हणून टेस्ट लॅम्प आधी चालू पॉइंटवर लावून तो पेटतो हे पाहायचं, मग कामाच्या पॉइंटवर फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थिंग दोन्हींत तपासायचं, आणि पुन्हा चालू पॉइंटवर नेऊन टेस्ट लॅम्प अजून शाबूत आहे याची खात्री करायची. हे काम परवानाधारक वायरमनचं. सामाईक वायरिंग असल्याने कमिटीला विचारल्याशिवाय कुणी एका सभासदाने हात घालू नये. वाचकाने हे सगळं समजून घ्यायचं ते काम करताना शेजारी उभं राहून योग्य प्रश्न विचारता यावेत यासाठी.

टू-वे बटनांच्या जिन्यात आणखी एक गाठ असते. खालच्या मजल्यावर लावायचं, वरच्यावर विझवायचं, अशी ही जोडणी. फेज खालच्या बटनात येतो, तिथून दोन वायरींपैकी एकीने वरच्या बटनात जातो आणि मग दिव्याकडे. दिव्याजवळ सेन्सर बसवला आणि ही बटनं तशीच ठेवली, तर सवयीने कुणीतरी वर पोहोचल्यावर बटन दाबतं आणि सेन्सरचीच वीज तोडतं. पुढच्याला अंधार. त्याने बटन दाबलं तरी वीज आल्यावर सेन्सरला स्थिर व्हायला अर्धा ते एक मिनिट लागतं. तेवढ्या वेळात काही सेन्सर दिवा लावून ठेवतात, काही बंद ठेवतात, पण माणूस मात्र तो ओळखत नाही. म्हणून ही बटनं काढावी लागतात. खालच्या बोर्डात फेजची वायर त्या दोनपैकी एका वायरीला कायमची जोडायची, वरच्या बोर्डात तीच वायर दिव्याकडे जाणाऱ्या वायरीला जोडायची. दुसरी वायर दोन्ही टोकांना नीट टेप करून बोर्डातच सोडून द्यायची आणि बटनांच्या जागी कोऱ्या प्लेटा लावायच्या. ज्येष्ठ मंडळींचा हात त्यानंतरही काही दिवस भिंत चाचपडत राहतो, त्याला इलाज नाही.

दिवा सलग चालू ठेवायची सोयही असावी. घर बदलताना कपाटं उतरतात, घरात कार्य असतं, रंगकाम चालतं, आणि दर मिनिटाला विझणारा दिवा अशा वेळी नकोसा होतो. त्यासाठी तळमजल्यावर एक साधं बटन, फेज आणि लोड यांच्यामध्ये सेन्सरला समांतर. ते चालू केलं की सेन्सर काहीही म्हणो, दिवा लागतो. मात्र त्यासाठी दिव्यापर्यंत एक जादा वायर न्यावी लागते आणि जुन्या पाइपातून ती ओढताना वायरमनच्या कपाळाला आठ्या पडतात. पट्टी मारायची तयारी असेल तर करून घ्यावं. एकच बटन अनेक मजल्यांच्या सेन्सरना जोडू नये. एकमेकांशी जोडलेल्या सेन्सरपैकी कुठलाही लागला की सगळेच दिवे लागतील. शिवाय थ्री-फेज इमारतीत दोन मजले वेगवेगळ्या फेजवर असतील, तर ती जोडणी दोन फेज एकमेकांवर आणून ठेवते, आणि तिथे 230 नव्हे, 400 व्होल्टच्या वर खेळ असतो.

आता ती तीन बटणं. घुमटाच्या कडेला किंवा मागे टाइम, लक्स आणि सेन्स अशी नावं असलेल्या तीन खाचा असतात, स्वस्त सेन्सरवर कधी दोनच. बसवल्यावर पहिल्यांदा टाइम सगळ्यात कमी, लक्स सूर्याच्या चित्राकडे, आणि सेन्स मध्यावर ठेवायचं. सूर्याचं चित्र म्हणजे भर उजेडातही दिवा लागेल, चंद्राचं चित्र म्हणजे फक्त अंधारात. दिवसाढवळ्या चाचणी घेताना लक्स चंद्राकडे राहिलं तर सेन्सर ढिम्म हलत नाही. चाचणी म्हणजे जिन्यातून खरोखर चढणं आणि उतरणं. सेन्सरखाली उभं राहून हात हलवून ‘चालतो की’ म्हणण्यात अर्थ नाही. वरून उतरणारा, खालून चढणारा आणि दारातून बाहेर पडणारा, तिघांना दिवा कुठे लागतो ते पाहायचं. आतल्या रिलेचा ‘टिक’ आवाज येतो, त्यावरून सेन्सरने माणूस पाहिला की नाही हे दिव्याशिवायही कळतं. टिक झाली आणि दिवा लागला नाही, तर दोष सेन्सरच्या नजरेत नाही, लोडच्या जोडणीत किंवा दिव्यात आहे.

टाइम किती ठेवायचं यावर सोसायट्यांच्या बैठका रंगतात. दहा सेकंदांपासून कित्येक मिनिटांपर्यंत ते फिरतं, आणि प्रत्येक नव्या हालचालीला घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. म्हणजे दहा सेकंद ठेवूनही चालत्या माणसावर दिवा विझत नाही. विझतो तो थांबलेल्या माणसावर. भाजीची पिशवी खाली ठेवून दम खाणाऱ्या आजींवर, कुलपात किल्ली शोधणाऱ्यावर. त्यांच्याकडे पाहून एक मिनिट ठेवावं. त्याखाली जाऊन वाचणारी वीज इतकी किरकोळ आहे की त्यासाठी कुणी पायरी चुकावी हे शोभत नाही.

लक्सचं बटण दिवसा लावता येत नाही. संध्याकाळी ‘आता दिवा हवा’ असं वाटेल त्या क्षणी, दिवा विझलेला असताना, खाच चंद्राच्या टोकाला नेऊन हळूहळू सूर्याकडे फिरवायची आणि कुणालातरी खालून चालायला लावायचं. ज्या ठिकाणी दिवा लागेल तिथे थांबायचं. पावसाळ्यात दुपारीच अंधारून येतं तेव्हा या बटणाची किंमत कळते, घड्याळावर चालणाऱ्या टायमरला ते जमत नाही. पण एक गोम आहे. खाच चंद्राच्या फार जवळ असली की खालच्या मजल्याच्या दिव्याचा वर येणारा उजेडही वरच्या सेन्सरला ‘दिवस’ वाटतो. माणूस खालच्या उजेडातून वर येतो आणि ऐन वळणावर अंधारात शिरतो. मधले मजले गचाळपणे वागत असतील आणि सगळ्यात वरचा किंवा खालचा नीट चालत असेल, तर हेच कारण असू शकतं. खाच जराशी सूर्याकडे सरकवली की सुटतं. ज्या जिन्याला खिडकीच नाही तिथे लक्स सरळ सूर्यावरच ठेवावं.

सेन्स, म्हणजे संवेदनशीलता, ही आपल्या हवेत गंमतीची गोष्ट आहे. सेन्सर उष्णता पाहत नाही, उष्णतेतला फरक पाहतो. माणसाच्या त्वचेचं तापमान साधारण 33 ते 34 अंश. जानेवारीच्या रात्री जिन्याची भिंत 18 अंशांवर असते तेव्हा माणूस सेन्सरला लख्ख दिसतो. मे महिन्यात जळगाव किंवा नागपूरला, पश्चिमेकडच्या भिंतीचा जिना संध्याकाळी सात वाजताही 34-35 अंशांवर असतो, आणि माणूस आणि भिंत यांच्यातला फरक जवळजवळ मिटतो. तोच सेन्सर, तीच जागा, पण नजर निम्म्यावर येते. खोक्यावर नजरेचा पल्ला बहुधा 24 अंशांखालच्या तापमानासाठी लिहिलेला असतो, ते बारीक अक्षर आपण वाचत नाही. म्हणून डिसेंबरमध्ये सेन्स कमी करून खूश झालेल्या सोसायटीत उन्हाळ्यात तक्रारी सुरू होतात. बटण उन्हाळ्याच्या संध्याकाळी लावावं, आणि हिवाळ्यात दिवा जरा जास्त वेळा लागला तर लागू द्यावा. मांजर गेल्यावरही दिवा लागेल. पाल मात्र सहसा कळत नाही, तिचं अंग भिंतीइतकंच गार असतं.

दुकानदार कधी ‘हा त्यापेक्षा भारी’ म्हणून मायक्रोवेव्ह सेन्सर पुढे करतो. तो लहरी सोडतो आणि हलत्या वस्तूवरून परतणाऱ्या लहरींतला बदल ओळखतो. उन्हाळ्याचा त्याला त्रास नाही, तो दिव्याच्या काचेमागेही लपवता येतो. पण लाकडी दार आणि पातळ भिंत त्याला आरपार दिसते. फ्लॅटच्या आत कुणी हॉलमध्ये फेऱ्या मारत असलं तरी जिन्यातला दिवा लागतो, भिंतीतल्या प्लास्टिकच्या पाइपातून पाणी वाहिलं तरी लागू शकतो. पार्किंगला तो चांगला. दारांच्या गर्दीतल्या जिन्याला माझं मत पीआयआरलाच.

वीज किती वाचते याचा हिशेब एकदा प्रामाणिकपणे मांडू. लिफ्ट नसलेली तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत धरा. प्रवेशाचा एक, मजल्यांचे तीन आणि मधल्या लँडिंगचे तीन, असे सात दिवे, प्रत्येकी 9 वॉट. संध्याकाळी सहापासून सकाळी सहापर्यंत जळले तर रोज 756 वॉट-तास, महिन्याला साधारण 23 युनिट. सेन्सर लावल्यावर प्रत्येक दिवा रात्रीत मिळून एक तास जळतो असं धरू, म्हणजे दिव्यांचे रोज 63 वॉट-तास. पण सात सेन्सर चोवीस तास जागे असतात. प्रत्येकी अर्धा वॉट धरला तरी रोज 84 वॉट-तास, म्हणजे दिव्यांपेक्षा पहारा महाग. दोन्ही मिळून महिन्याला साडेचार युनिटच्या आसपास, बचत सुमारे 18 युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर महिन्याला 180 रुपये. सेन्सर आणि मजुरी मिळून पॉइंटला 600 रुपये पडले तर 4200 रुपये वसूल व्हायला जवळपास दोन वर्षं. पिवळ्या बल्बच्या काळात हे गणित फार गोड होतं, एलईडीने ते पातळ केलं. बचतीच्या नावाखाली ठराव मांडणाऱ्याने हे आकडे आधी करून पाहावेत. सोयीसाठी म्हणून मांडला तर ठराव जास्त खरा ठरेल. आणि प्रवेशाचा दिवा या योजनेतून वगळावा, तो रात्रभर जळू द्यावा.

दोन-तीन वर्षांनी एखादा दिवा विझायचंच नाव घेत नाही. एलईडी लागताना क्षणभर मोठा करंट ओढते आणि त्या ठिणगीने रिलेचे पॉइंट एकमेकांना चिकटतात. टाइम किमान करून, सेन्सरसमोरून बाजूला होऊन पाहावं. तरीही दिवा चालू आणि टिक ऐकूच येत नसेल, तर सेन्सर बदलावा. खोक्यावरच्या 1200 वॉटच्या आकड्याने भुलू नये, तो पिवळ्या बल्बसाठी असतो. एलईडीसाठी त्याच खोक्यावर 300 किंवा त्याहून कमी लिहिलेलं असतं. म्हणून एका सेन्सरवर दिव्यांची माळ लावणं टाळावं.

बाल्कनीत हेच यंत्र वेगळ्या कारणांनी बिघडल्यासारखं वागतं. तिथे ऊन असतं. दिवसभर तापलेली कुंडी, वाऱ्याने हलणारी पानं, वाळत घातलेली साडी, एसीच्या बाहेरच्या युनिटमधून भसकन येणारी गरम हवा, हे सगळं सेन्सरला हलती उष्णता म्हणूनच दिसतं. म्हणून बाल्कनीत सेन्सर दोरीच्या आणि एसीच्या तोंडाच्या बाजूला पाठ करून बसवावा, आणि तो आतल्या दाराकडे पाहील असं करावं. त्या दाराला बंद काच असेल तर काचेमागचा माणूस त्याला दिसणारच नाही, कारण काच ही उष्णता अडवते. बाहेर पाऊल टाकल्यावरच दिवा लागेल, आणि ते ठीकच आहे. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसात उघडा बसणारा सेन्सर आयपी 65 दर्जाचा असावा, वायर खालून आत जावी, आणि वरून येणारी असेल तर तिला खाली एक वळसा द्यावा, म्हणजे पाणी वायरीवरून घसरत आत न शिरता वळशावरून गळून पडतं.

शेजारच्या बाल्कनीतल्या हालचालीवर आपला दिवा लागत असेल तर सेन्स कमी करू नये. त्याने शेजारी दिसेनासे होतील, पण आपणही अर्धवटच दिसू. त्याऐवजी घुमटाच्या त्या बाजूच्या भिंगांवर अॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीचा तुकडा लावावा. तेवढी नजर बंद होते, बाकीची तशीच राहते. जिन्यात समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं की दिवा लागतो अशी कुरकुर असेल तर तिथेही हाच तुकडा चालतो. आणि सोसायटीचं रंगकाम निघालं की रंगाऱ्याला आधीच सांगून ठेवावं, की घुमट कागदाने झाकायचा, त्यावर ब्रश फिरवायचा नाही. डिस्टेंपरच्या एका हाताखाली चांगला सेन्सर पूर्ण आंधळा होतो, आणि पांढऱ्यावर पांढरं असल्याने कुणाच्या लक्षातही येत नाही.